पाच मीटरच्या पुढे

यूएसबी २.० ची नियमावली एप्रिल २००० मध्ये आली. कोणत्या केबली बनवू नयेत याची एक लहानशी यादी तिच्यात आहे आणि त्या यादीत एक्स्टेन्शन केबलचं नाव आहे. एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट असलेली, संगणकाच्या कोणत्याही दुकानात टांगलेली दिसते तीच ही केबल. ती सर्रास विकली जाते, बऱ्याचदा चालतेही, आणि म्हणून तिच्यावर बंदी का घातली हे कोणी विचारत नाही. कारण साधं होतं. संगणकापासून उपकरणापर्यंत एकच केबल असेल आणि तिची दोन्ही टोकं वेगळी असतील, तर वापरणाऱ्याला लांबीची मर्यादा ओलांडताच येत नाही. एक्स्टेन्शन हाती आली की एकीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडता येते आणि एकूण लांबीचा हिशेब कोणाकडेच राहत नाही.

वर्गात, सभागृहात किंवा घरी वेबकॅम लांब बसवणाऱ्यांसाठी आणि व्हीआर हेडसेट संगणकाला जोडणाऱ्यांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. पुढच्या प्रकरणांत जोडणीचे तपशील येतील. त्याआधी ही मर्यादा कुठून आली आणि ती ओलांडली की नेमकं काय बिघडतं, हे समजून घ्यायला हवं. हे कळलं की रिपीटर कधी लागतो हा प्रश्न दुकानदाराला विचारावा लागत नाही.

यूएसबीवर उपकरण आपणहून बोलत नाही. संगणक विचारतो, उपकरण उत्तर देतं. उत्तर ठरलेल्या मुदतीत आलं नाही तर ते आलंच नाही असं संगणक धरतो. यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिट वेगावर ही मुदत साधारण दीड मायक्रोसेकंदाची आहे. नियम करणाऱ्यांनी ती अगदी काटेकोरपणे वाटून दिली. विचार करून उत्तर द्यायला उपकरणाला ०.४ मायक्रोसेकंद. वाटेत जास्तीत जास्त पाच हब येऊ शकतात, त्यांना जातायेता मिळून ०.७५ च्या आसपास. उरलेल्यातला ०.३ मायक्रोसेकंद सहा केबलींच्या जाण्यायेण्याला. हे गणित सोडवलं की एका केबलच्या वाट्याला एका दिशेने २६ नॅनोसेकंद येतात. केबलमधून एक मीटर जायला सिग्नलला ५.२ नॅनोसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो असं धरलं, तर उत्तर पाच मीटर. सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा हा असा, घड्याळातून आलेला आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही कामाच्या आहेत. पहिली अशी की वाटेत एकही हब नसेल तर हबांसाठी राखलेला वेळ शिल्लक राहतो. म्हणून चांगल्या तांब्याची सात मीटरची साधी केबल एखाद्या ठिकाणी विनातक्रार चालते. 'आमच्याकडे तर चालतं की' असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. फक्त तोच जोड दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या कॅमेऱ्याला, मध्ये एक हब आल्यावर चालेल याची हमी त्याला देता येत नाही. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे. रिपीटर सिग्नल ताजा करतो, पण गेलेला वेळ परत आणत नाही. पाच मीटरची एकेक केबल आणि प्रत्येकीच्या टोकाला एक रिपीटर अशी साखळी पाच रिपीटरांवर, म्हणजे एकूण तीस मीटरवर संपते. त्यापुढे आणखी रिपीटर लावून काही साधत नाही. पन्नास-शंभर मीटर जायचं असेल तर नेटवर्कच्या केबलवरून चालणारे, दोन डब्यांचे एक्स्टेंडर घ्यावे लागतात. त्यातला संगणकाकडचा डबा लांबच्या उपकरणाच्या वतीने संगणकाला वेळेत उत्तर देत राहतो आणि खरी माहिती मागाहून पोहोचवतो.

वेळेच्या जोडीला सिग्नलची झीज असते. तार जितकी लांब आणि बारीक, तितका सिग्नल क्षीण होतो, आणि प्रत्येक जोडावर त्याचा थोडा भाग मागे परततो. एक्स्टेन्शन लावली की लांबी वाढते तसा एक जोडही वाढतो. पाच मीटरच्या एका सलग केबलपेक्षा तीन अधिक दोन अशी जोडलेली केबल म्हणूनच कमी भरवशाची. आणि हिशेबात हमखास राहून जाते ती कॅमेऱ्याची स्वतःची केबल. बहुतेक वेबकॅमना दीड-दोन मीटरची केबल कायमची लावलेली असते. पाच मीटरची एक्स्टेन्शन घेणारा माणूस प्रत्यक्षात साडेसहा-सात मीटरवर काम करत असतो.

आता या पुस्तिकेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. एकाच लांब केबलवर कीबोर्ड चालतो, प्रिंटर चालतो, पेनड्राइव्हही चालतो, पण वेबकॅम लावला की चित्र फाटतं. मग दोष कॅमेऱ्यावर जातो, कॅमेरा बदलून आणला जातो आणि नवा कॅमेराही तसाच वागतो. कीबोर्डचं सोपं आहे, त्याचा वेगच मुळात कमी, बहुधा दीड मेगाबिट. पेनड्राइव्ह मात्र वेबकॅमच्याच वेगाने चालतो. दोघांत फरक आहे तो माहिती पाठवण्याच्या पद्धतीत. पेनड्राइव्हची पद्धत बल्क. पाकीट वाटेत खराब झालं तर ते पुन्हा मागवलं जातं, फाइल अखेर बरोबर उतरते, फक्त वेळ जास्त लागतो. तो वेळ कोणी मोजत नाही, त्यामुळे केबल वाईट आहे हे कळतही नाही. बहुतेक वेबकॅम आयसोक्रोनस पद्धत वापरतात. तिथे वेळेला महत्त्व आहे. खराब झालेलं पाकीट टाकून दिलं जातं आणि ते पुन्हा मागवलं जात नाही, कारण पुढची चौकट तोवर येऊन ठेपलेली असते. चित्राचा खालचा भाग करडा किंवा हिरवा होणं, आडवे पट्टे उमटणं, एखादी चौकट अर्धवट येणं ही त्या टाकलेल्या पाकिटांची खूण आहे. म्हणून वेबकॅमसाठी केबल तपासायची असेल तर ती वेबकॅम लावूनच तपासावी. त्या केबलवर पेनड्राइव्ह चालला ही तपासणी नव्हे.

चित्र अडखळणं ही मात्र वेगळी तक्रार आहे, तिची गल्लत करू नये. यूएसबी २.० वर अशा कॅमेऱ्याच्या एका प्रवाहाला सेकंदाला सुमारे २४.५ मेगाबाइटच मिळू शकतात. १९२० बाय १०८० चं न दाबलेलं चित्र एका बिंदूला दोन बाइट या हिशेबाने एका चौकटीला ४.१५ मेगाबाइटच्या आसपास जातं. सेकंदाला तीस चौकटी म्हटलं तर १२४ मेगाबाइट होतात, म्हणजे पाचपट जास्त. पाच चौकटी म्हटलं तर २०.७, आणि त्या बसतात. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या यादीत पूर्ण एचडी चित्रासमोर सेकंदाला पाच चौकटी असा विचित्र आकडा दिसतो, तो इथून येतो. तेव्हा चित्र स्वच्छ आहे पण माणसं झटक्याझटक्याने हलतात असं दिसलं, तर केबलकडे जाण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये न दाबलेल्या चित्राऐवजी एमजेपेग निवडून पाहावं. फाटलेल्या चित्राचं मूळ बहुधा केबलमध्ये असतं, स्वच्छ पण अडखळत्या चित्राचं बहुधा निवडीत.

विजेचा हिशेब वेगळा करावा लागतो. यूएसबीच्या केबलमध्ये माहितीची जोडी आणि विजेची जोडी वेगळी असते आणि केबलच्या वेष्टनावर दोन्हींच्या तारांचा गेज बहुधा छापलेला असतो. २८ गेजच्या तारेला दर मीटरला ०.२१ ओहम रोध असतो, २४ गेजच्या तारेला ०.०८४. गेजचा आकडा लहान तशी तार जाड. संगणकातून निघालेले पाच व्होल्ट उपकरणापर्यंत पोहोचताना ४.४ च्या खाली जाऊ नयेत अशी अपेक्षा असते. यात विसरायचं नाही ते एवढंच, की वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी दुप्पट धरायची.

एक वर्ग घेऊन हे सगळं मांडून पाहू. वर्ग नऊ मीटर लांब आहे. संगणक फळ्याजवळच्या टेबलावर, कॅमेरा मागच्या भिंतीवर अडीच मीटर उंचीवर. नऊ मीटर म्हणून दहा मीटरची केबल मागवली जाते आणि इथेच पहिली चूक होते. केबल हवेतून जात नाही. टेबलापासून भिंतीपर्यंत, भिंतीच्या कडेने मागे आणि मग वर असा रस्ता पट्टीने मोजला की तेरा मीटर भरतात. कॅमेऱ्याची स्वतःची केबल दीड मीटर. उरलेल्या साडेअकरा मीटरांसाठी पाच-पाच मीटरच्या दोन ॲक्टिव्ह केबली घ्यायच्या, ज्यांच्या टोकाला रिपीटरची चिप आहे अशा. यूएसबी २.० च्या ॲक्टिव्ह केबलमधली ही चिप म्हणजे सहसा एक छोटा हबच असतो, आणि हबच्या पुढे पाच मीटरचं मोजमाप नव्याने सुरू होतं. त्यामुळे दुसऱ्या ॲक्टिव्ह केबलनंतर दोन मीटरची साधी एक्स्टेन्शन आणि कॅमेऱ्याची दीड मीटर मिळून साडेतीन मीटर होतात, तेही मर्यादेत. एकूण साडेतेरा मीटर. पाचपैकी दोन हब खर्ची पडले. केबल डॉकच्या किंवा मॉनिटरच्या पोर्टला जोडलेली असेल तर तिथला हबही मोजायचा.

साधी एक्स्टेन्शन शेवटी ठेवली आहे. तिच्या जागेवरून काही वेळा वाद होतो, म्हणून कारण सांगतो. ती पहिल्या ॲक्टिव्ह केबलच्या आधी लावली तर पहिल्या चिपपर्यंतच सात मीटर होतील. म्हणजे ज्या तुकड्यावर पुढची सगळी साखळी अवलंबून आहे, तोच मर्यादेबाहेर जाईल. शेवटच्या चिपनंतर मात्र दीड मीटर केबलच्या जोडीला जागा शिल्लक असतेच.

आता वीज. कॅमेरा आणि दोन चिपा मिळून ३०० मिलिअँपिअर घेतात असं धरू. जाण्यायेण्याची तार २७ मीटर. २८ गेजची असेल तर रोध पावणेसहा ओहमच्या घरात आणि घट १.७ व्होल्ट. कॅमेऱ्यापाशी ३.३ व्होल्ट उरतील, म्हणजे तो सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन पहिल्या चौकटीलाच बंद पडेल. २४ गेजमध्ये घट ०.६८ व्होल्ट, उरतात ४.३२. जाड तार घेऊनही मर्यादेच्या किंचित खालीच. याचा अर्थ या वर्गात दुसऱ्या ॲक्टिव्ह केबलच्या टोकाला पाच व्होल्टचा अडॅप्टर हवाच. केबल घेतानाच तिच्या मादी टोकाच्या डबीला अडॅप्टरचं छिद्र आहे ना ते पाहावं. ते नसलेली ॲक्टिव्ह केबल स्वस्त मिळते आणि दहा मीटरच्या पुढे बहुधा तीच दगा देते. कॅमेऱ्याजवळ विजेचा पॉइंट आहे का, हेही त्याच पट्टीने त्याच वेळी पाहून घ्यावं. केबल पंखे-दिव्यांच्या वायरिंगच्या पट्टीतून मात्र नेऊ नये, वेगळी न्यावी.

जोडून झालं की लिनक्स असलेल्या संगणकावर एक आज्ञा सगळं सांगते. तिच्या उत्तरातल्या कामाच्या ओळी साधारण अशा असतात:

```
lsusb -t
|__ Port 3: Dev 4, If 0, Class=Hub, Driver=hub/4p, 480M
    |__ Port 1: Dev 5, If 0, Class=Hub, Driver=hub/4p, 480M
        |__ Port 1: Dev 6, If 0, Class=Video, Driver=uvcvideo, 480M
```

दोन ओळी दोन रिपीटरांच्या, तिसरी कॅमेऱ्याची, आणि प्रत्येकीच्या शेवटी `480M`. कॅमेऱ्यासमोर `12M` दिसलं तर वेगाची बोलणी फसली आणि कॅमेरा जुन्या, मंद वेगावर उतरला असं समजावं. `dmesg` मध्ये `error -71` पुन्हा पुन्हा येत असेल तर पाकिटं वाटेत बिघडत आहेत. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून `Devices by connection` निवडलं की अशीच साखळी दिसते. उपकरण काढल्या-लावल्याचा आवाज अधूनमधून आपोआप येत राहिला तर आधी विजेवर संशय घ्यावा. अडॅप्टर लावल्यावर आवाज थांबला, तर संशय खरा होता.

यूएसबी ३ ची गोष्ट वेगळी आहे आणि व्हीआरमध्ये तिच्याशीच गाठ पडते. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० ने ५ गिगाबिटसाठी केबलमध्ये तारांच्या नव्या जोड्या घातल्या आणि लांबीचा आकडा सांगणंच बंद केलं. सिग्नल किती क्षीण झालेला चालेल तेवढंच सांगितलं. साध्या तांब्यात ते व्यवहारात तीन मीटरच्या आसपास येतं, १० गिगाबिटला एका मीटरवर. मर्यादा ओलांडल्यावर यूएसबी ३ चं उपकरण सहसा बंदही पडत नाही. नव्या जोड्यांवर बोलणी जमली नाहीत तर ते जुन्या जोडीवर, यूएसबी २.० वर गुपचूप उतरतं. सगळं चालू दिसतं, वेग मात्र दहाव्या हिश्शाहून कमी. `lsusb -t` मध्ये `5000M` च्या जागी `480M` दिसतं. यूएसबी ३ चा कॅमेरा असेल तर त्याच्या यादीतली मोठी चित्रं नाहीशी होतात.

क्वेस्ट हेडसेट संगणकाला जोडण्याची सोय ऑक्युलसने २०१९ मध्ये जाहीर केली, आणि त्यासाठी त्यांनी पुढे स्वतःची जी केबल विकायला काढली ती पाच मीटरची आणि आत काचेचा तंतू असलेली होती. साध्या तांब्यात पाच मीटरवर ५ गिगाबिटचा भरवसा देता येत नव्हता, एवढं त्यातून उघड होतं. मे २०२० मध्ये हेडसेट यूएसबी २.० च्या केबलवरही चालू लागला, कारण संगणक त्याला दाबलेलं चित्र पाठवतो. त्यामुळे क्वेस्टवर खाली उतरलेली केबल लगेच उघडकीला येत नाही. चित्र येतं, पण कमी माहितीत बसवलेलं, आणि डोकं झटकन वळवलं की ते पुसट होतं. जोडणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केबलचा वेग तपासण्याची सोय आहे. नवी केबल लावल्यावर ती तपासणी आधी करावी. निकाल गिगाबिटांत न येता मेगाबिटांत आला तर केबल कमी पडली आहे.

यूएसबी ३ साठी 'ॲक्टिव्ह' म्हणून जे विकलं जातं त्यात निदान तीन जाती आहेत. रीड्रायव्हरवाली केबल सिग्नल मोठा करते, पण त्यात मिसळलेली खरखरही मोठी करते. हब किंवा रीटायमर असलेली केबल आलेले बिट वाचून ते नव्याने लिहिते. निरोप नीट ऐकू आला नसताना तसाच ओरडून पुढे देणारा माणूस आणि निरोप समजून घेऊन आपल्या शब्दांत सांगणारा माणूस, इतकं त्यांच्यात अंतर आहे. रीड्रायव्हरवाल्या दोन केबली एकापुढे एक लावू नयेत. तिसरी जात काचेच्या तंतूची. ती दहा-पंधरा मीटर सहज जाते, पण तिला दिशा असते. कोणतं टोक संगणकाकडे हे तिच्यावर लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चालत नाही. तीव्र घडी घातली तर काच जाते. आणि काही तंतूच्या केबलींत यूएसबी २.० ची जोडीच नसते, म्हणजे खाली उतरायला जागाच नाही. यूएसबी ३ वर बोलणी जमली नाहीत तर उपकरण दिसतच नाही. घेण्याआधी हे विचारावं.

हेडसेट पाच मीटरच्या केबलने वापरणाऱ्याला विजेचंही पाहावं लागतं. यूएसबी ३ चं साधं पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट देतं. क्वेस्ट २ सोबतचा चार्जर दहा वॅटचा आहे. त्यामुळे खेळताना बॅटरी हळूहळू उतरत जाते, आणि यात केबलचा दोष नसतो. ज्यांना सलग तीन-चार तास वापरायचं आहे त्यांनी मध्ये चार्जर जोडता येणारी केबल घ्यावी. व्हॉल्व्ह इंडेक्ससारख्या, कायम तारेवर चालणाऱ्या हेडसेटला यूएसबीबरोबर डिस्प्लेपोर्टही लागतं. तिथे यूएसबीचा रिपीटर घेतला तरी निम्मंच काम होतं, चित्राची केबल वेगळी लांबवावी लागते. मला विचाराल तर अशा हेडसेटसाठी केबल लांबवण्यापेक्षा संगणक दोन मीटर पुढे सरकवणं नेहमीच बरं.

आता निवाडा थोडक्यात सांगतो, कारण पुढची प्रकरणं यावरच उभी आहेत. यूएसबी २.० चा वेबकॅम असेल आणि त्याच्या स्वतःच्या केबलसकट पाच मीटरच्या आत काम होत असेल, तर रिपीटरवर पैसे घालू नका. जाड विजेची तार असलेली साधी केबल पुरते. पाच ओलांडले की हब-चिपवाली ॲक्टिव्ह केबल घ्या, दहाच्या पुढे अडॅप्टरसकट. यूएसबी ३ चा कॅमेरा किंवा हेडसेट असेल तर तीन मीटरनंतर ॲक्टिव्ह केबल आणि पाचनंतर काचेचा तंतू. केबल भिंतीत किंवा पट्टीत पक्की करण्याआधी ती जमिनीवर अंथरून, कॅमेरा सर्वांत मोठ्या चित्रावर ठेवून, अर्धा तास चालवून पाहा. परत घेणाऱ्या दुकानातूनच ती घ्या आणि पावती जपून ठेवा.